आखाडाचं तळण आणि माझी चार पातळं

माझ्या अंगाला वास येतो, हे मला लग्नानंतर अकरा वर्षांनी डॉक्टरणीसमोर कळलं. तेही माझ्याच धाकट्या जावेच्या तोंडून. सौसरच्या दवाखान्यात ती बाकावर वाकून बसली होती, तिसरा महिना चालू होता, चार दिवसांपासून ओकत होती आणि कालपासून तर तिच्या पोटात पाणीही ठरत नव्हतं. डॉक्टरणीनं विचारलं, ‘‘उलटी केव्हा जास्त होते? कशाच्या वासानं?’’ जावेनं माझ्याकडे पाहिलं, मान खाली घातली आणि म्हणाली, ‘‘बाईच्या लुगड्याच्या.’’

बाई म्हणजे मी. आमच्याकडे मोठ्या जावेला बाई म्हणतात.

मला राग आला. खोटं कशाला बोलू? तिला बैलगाडीतून सावरत मी आणलं होतं. तिची ओकारी मी धूत होते. आणि वर माझ्याच लुगड्याला नाव. पण डॉक्टरीण काही हसली नाही. तिनं गोळ्या दिल्या, चमच्याचमच्यानं पाणी पाजा म्हणाली, आणि दाराशी मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘‘मागच्या वर्षी चौथ्या महिन्यात हिचं गेलं आहे ना? आता हिच्या अंगात काही उरलेलं नाही. लघवी कमी झाली तर त्याच दिवशी घेऊन या. नाहीतर शनिवारपर्यंत बघा. पाणी टिकलं नाही तर भरती करावं लागेल, आणि तेव्हा मुलाचं काही सांगता यायचं नाही. तो वास आधी बंद करा.’’

तो सोमवार होता. वास कुठून आला ते मला माहीत होतं. आदल्या दिवशी आम्ही आखाड तळला होता.

आखाडात तळण करायचं असतं. गुलगुले, भजे, तिखटमिठाच्या पुऱ्या. देवीला दाखवायचं, शेजारी वाटायचं, गड्यांना द्यायचं. आमच्या घरी तळण जवसाच्या तेलात व्हायचं, कारण जवस घरचा होता. ज्यांनी जवसाचं तेल तापताना हुंगलं नसेल त्यांना मी काय सांगू? नाकातून घशात उतरतो तो वास आणि तिथंच बिऱ्हाड करतो.

त्यात त्या वर्षी आठ दिवस उन्हाचा पत्ता नव्हता. कपडे बाहेर वाळत नव्हते. सैपाकघरात चुलीच्या वर, भिंतीपासून भिंतीपर्यंत आमची वलनी बांधलेली होती, म्हणजे कपड्यांची दोरी. पावसाळ्यात घरभराचे कपडे तिच्यावर. रविवारी सकाळी मी ते काढायला लागले तर सासूबाई म्हणाल्या, ‘‘राहू दे वं. चूल दिवसभर पेटून राहीन, त्या आगीनं कपडेबी वायतीन. एका सरपनात दोन कामं.’’

काटकसर आमच्या सासूबाईंच्या हाडात होती. मीही कपडे तसेच राहू दिले. ओले कपडे धूर आणि तेलाची वाफ कोरड्यापेक्षा जास्त ओढून घेतात, हे तेव्हा कोणाला ठाऊक होतं?

दुपारी तेल तापत ठेवलं होतं आणि आतल्या खोलीत जाऊ ओकायला लागली. मी झारा टाकून धावले. तिचं कपाळ धरून उभी राहिले. परत आले तर कढईतलं तेल काळा धूर सोडत होतं, आणि बघता बघता त्यावर जाळ उभा राहिला. सासूबाई पाण्याची गुंडी घेऊन धावत आल्या. मी ओरडले, ‘‘पानी नोका टाकू!’’ आणि परात उचलून कढईवर पालथी घातली. चुलीतल्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, ओढून बाहेर टाकल्या. आग विझली. कोणाला काही झालं नाही. पण घर तासभर काळ्या धुरानं भरून राहिलं, आणि वलनीवरची माझी तीन पातळं, अंगावरचं चौथं, सासूबाईंची लुगडी, चादरी, सगळं त्या धुरात न्हाऊन निघालं.

उरलेलं तळण आम्ही त्याच तेलात पूर्ण केलं. देवीला अर्धवट कसं दाखवायचं?

सोमवारी दवाखान्यातून आल्यावर जावेला निजवलं आणि पाण्याची वाटी घेऊन मी तिच्याजवळ गेले. तिनं पांघरूण नाकावर ओढलं. ‘‘बाई, जवळ नोका येऊ ना,’’ म्हणाली, आणि जे नव्हतं पोटात तेही ओकली. संध्याकाळी तिचा नवरा आला. तो तहसीलीत चपराशी होता, नवाला जायचा, सहाला यायचा. त्यानं पाजलेले चार चमचे पोटात राहिले. म्हणजे माझ्यावर गुन्हा साबीत.

पण तो दिवसभर घरी नव्हता आणि जावेला आई नव्हती. दिवसभर पाजणार कोण? सासूबाई गेल्या तरी तिचं तेच व्हायचं. त्या बाहेर येऊन पदर खोचत म्हणायच्या, ‘‘नखरे होये. आमच्या टायमाले असं कोनी केलं नाई.’’

तरी त्यांनीच पहिला इलाज काढला. बाळंतिणीच्या कपड्यांना देतात तशी धुरी. शेगडीत निखारे, त्यावर ऊद आणि ओवा, वर पालथं टोपलं आणि टोपल्यावर माझं बरं असलेलं हिरवं पातळ. धुरानं धुराचा वास घालवायचा! मला दुसरं काही सुचत नव्हतं. ते पातळ नेसून मी आत गेले. या वेळी जाऊ उठून बसली आणि भिंतीला डोकं लावून रडायला लागली.

मंगळवारी मी माझ्या अकलेनं केलं. पिवळ्या साबणाची वडी घेतली आणि गार पाण्यात दुसरं पातळ घासघासून धुतलं. काजळी होती ती पाण्यानं पसरली आणि कापडात मुरली. वाळायला ऊन नाही, म्हणून शेजारून कोळशाची इस्त्री आणली आणि ओल्यावरच फिरवली. वाफेबरोबर असा वास उठला की मी कढईच इस्त्री करते आहे असं वाटलं. पातळ वाळलं, कडक झालं, घडीवर पिवळट झाक आली. दोन पातळं अशी वाया घालवून मी ओसरीवर बसले. माझे हात दुखत होते, पाठ दुखत होती आणि मला कोणाचीच कीव येत नव्हती, जावेचीसुद्धा.

बुधवारी उरलेली दोन पातळं गाठोड्यात बांधली आणि वरठिणीकडे गेले. आमच्याकडे धोब्याला वरठी म्हणतात. तिचं घर नाल्याकडे. तिच्याही घरात दोऱ्यांवर ओले कपडे, ओसरीत ओले कपडे, खाटेवर ओले कपडे. आखाड म्हणजे तिला शिक्षाच. ती खाटेच्या कडेवर बसून पायाला तेल चोळत होती. ‘‘ठेव तिकडं,’’ म्हणाली, ‘‘आठ दिवस लागतीन.’’

‘‘शनिवारच्या आत पाह्यजे,’’ मी म्हटलं आणि सगळं सांगितलं. मधे मला रडू आलं. मला स्वतःचाच राग आला, कारण तिच्यासमोर रडायचं माझं ठरलेलं नव्हतं.

तिनं एक पातळ ओढलं. निऱ्यांचा भाग मुठीत गोळा केला, तोंडाजवळ नेऊन त्यावर हाऽऽ करून गरम श्वास सोडला आणि लगेच हुंगलं.

‘‘जवस,’’ ती म्हणाली. ‘‘अन् जललेला. कोरडं कापड खोटं बोलते, बापा. उबारा अन् ओल लागली का मंग पोटातलं सांगते. तुले वास येते का?’’

मी हुंगलं. ‘‘नाही येत.’’

‘‘तुले कसा येईन? तू रोज त्यातच बसून राहिली. माह्यंबी नाक भट्टीनं मेलं.’’ मग तिनं सांगितलं, आणि मी तिच्यासमोर बसून लहान पोरीसारखं ऐकलं. कपडा आधी भिजवायचा नाही. कोरडाच बाहेर नेऊन झटकायचा, घासायचा नाही, काजळी उडून गेली पाहिजे. मग भिंती सारवायची पांढरी माती कुटून, चाळून, कोरडी अंगावर भुरकायची आणि घडी घालून रात्रभर ठेवायचा. तेलाचा तो पातळ थर माती पिऊन घेते. सकाळी माती झटकून कोमट पाण्यात धुण्याच्या सोड्यात भिजवायचा. सुती असेल तरच. रेशमाला सोडा लावला की संपलं. रंगाची खात्री नसेल तर आधी पदराचं टोक बुडवून पाहायचं. मग साबण, मग तीन पाणी, बोटांना बुळबुळ लागेनाशी होईपर्यंत. शेवटच्या पाण्यात लिंबू पिळायचं, म्हणजे सोडा निघतो.

‘‘अन् इस्त्री?’’

‘‘इस्त्री केली का वास पक्का झाला. जवसाचं तेल वायलं का चिकते, डिंकावानी. तुह्ये ते दोन पातळ आता दोनतीन डाव धुवा लागतीन, तरी भरवसा नाई.’’ ती पाय चोळत राहिली. ‘‘सगळ्यात मोठं म्हंजे वायवायची जागा. चुलीजवळ नाई, गोठ्यात नाई. हवा पाह्यजे. ऊन नसलं तं नसू दे, पन हवा पाह्यजे. पान्यासंगं वास जाते.’’

‘‘धुऊन तुम्हीच द्या ना.’’

‘‘मी कुठं वायवू? माह्या घरात तं भट्टीचाच धूर हाय. तूच कर.’’

आमच्या संत्र्याच्या बागेत मोटारघर होतं. विहिरीवरच्या मोटारीसाठी बांधलेली विटांची खोली, समोरासमोर दार आणि खिडकी, पावसाळ्यात मोटार बंद. तिथून वारा असा जायचा की दार धरून ठेवावं लागे. मी घरी आले आणि सासूबाईंना सांगितलं की शनिवारपर्यंत मी चुलीजवळ जाणार नाही. सैपाक तुम्ही करा. भाकरी आणि वरण, फोडणीशिवाय.

‘‘अन् रविवारचं तळण?’’ त्यांनी विचारलं. आखाडातले दोन रविवार अजून बाकी होते.

‘‘तळण नाही.’’

अकरा वर्षांत मी त्यांना ‘नाही’ म्हणाले नव्हते. त्या म्हणाल्या, ‘‘माह्यंबी लुगडं ने मंग,’’ पण अशा सुरात की नेऊ नये. मी नेलं नाही. माझ्यात दोन पातळांपुरतंच बळ होतं.

बुधवारची रात्र मातीची. गुरुवारी सकाळी सोडा. कोमट पाण्यात हात घातला की बोटांच्या भेगा झोंबायच्या. पाणी चहासारखं होऊन निघालं. मी ते नालीत ओतताना पाहत राहिले, कारण एवढं घाण पाणी माझ्या ‘धुतलेल्या’ पातळातून निघालं होतं. तीन पाणी, लिंबू. मग ओलं गाठोडं डोक्यावर घेऊन चिखलातून बागेत. मोटारघरात दोरी बांधली आणि पातळं पसरली. शुक्रवारी दुपारपर्यंत मी तिथं चार खेपा केल्या, पातळं उलटीपालटी करायला. खरं सांगायचं तर चौथी खेप गरजेची नव्हती. तिथं कोणी हाक मारत नव्हतं म्हणून गेले.

शुक्रवारी दुपारी तिथंच मला वास यायला लागला. म्हणजे माझं नाक परत आलं. ओल्या मातीचा, संत्र्याच्या पानांचा, आणि अंगावर नेसलेल्या, इस्त्री केलेल्या पातळाचा. तो शेवटचा असा होता की मी पदर अंगापासून दूर धरला. आपण असे फिरत होतो! अकरा वर्षं!

शनिवारी सकाळी शिकेकाईनं केस धुतले, वाळलेलं पातळ नेसले आणि आत गेले. जावेचा नवरा कामावर न जाता दाराशी उभा होता, गाडी जुंपून ठेवलेली. रात्री त्यानं पाजलेलंही टिकलं नव्हतं. मी दारातच थांबले. जावेनं डोळे उघडले. नाक हललं. काही झालं नाही. ती हसल्यासारखी झाली. मी वाटी घेऊन जवळ बसले, चमचा पुढं केला. पाच दिवसांच्या भीतीनं तिचा हात आपोआप वर आला, तिनं पांघरूण नाकावर ओढलं आणि ओकली.

मी चमचा खाली ठेवला. मला तिला मारावंसं वाटलं. मग मला त्या पांघरुणाचं टोक दिसलं. तिच्या लग्नात दिलेली गोधडी होती ती, सासूबाईंनी बायका बसवून शिवून घेतलेली. आत तीन थर, तेही लुगड्यांचे, आणि ती लुगडी माझी होती. दहा वर्षांत मी चुलीपुढं विटवलेली सगळी पातळं. मी टोक मुठीत धरलं, त्यावर गरम श्वास सोडला आणि हुंगलं.

जवस होताच, रविवारचा धूर होता, पण खाली त्याहून जुनं काहीतरी होतं, खवट, कोंदट, ओळखीचं. मी जवळ आले की ती पांघरूण नाकावर घ्यायची, आणि मला टाळायला मलाच हुंगायची. नवऱ्यापुढं तिनं कधी नाक झाकलं नव्हतं. फक्त काल रात्री ती गारठून गेली, म्हणून त्यानंच तिला गळ्यापर्यंत पांघरलं, आणि त्यानं पाजलेलंही टिकलं नाही.

‘‘हे काढ,’’ मी दिराला म्हटलं. ‘‘बाहेर ने. आधी बाहेर ने.’’

गोधडी गेली. मी माझं दुसरं धुतलेलं पातळ घडी करून तिच्या अंगावर घातलं. खिडकी उघडली. अर्धा तास काहीच दिलं नाही. मग एक चमचा. तो राहिला. मोजून पाच मिनिटांनी दुसरा. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत होतो, जणू चमच्यात काही चमत्कार आहे. दुपारपर्यंत वाटीभर पाणी पोटात राहिलं आणि लघवीला झाली. दिरानं गाडी सोडली. बैल तेवढे खूश झाले असतील.

ती झोपली तेव्हा मी ओसरीत गोधडी उसवायला बसले. अखंड गोधडी धुऊन निघणार नव्हती. थर वेगळे केले तर माती आणि सोडा आतपर्यंत जाणार होता. थोड्या वेळानं सासूबाई आल्या, कातर घेऊन दुसऱ्या बाजूनं टाके कापायला लागल्या. पहिल्या थराखाली एक जांभळं पातळ निघालं. मी थांबले.

‘‘काय झालं वं?’’

‘‘काही नाही. हे माझ्या पोराच्या वेळचं, तो पोटात होता तेव्हाचं. तेव्हाही आखाडच होता.’’ मग माझ्या तोंडून निघालं, जे अकरा वर्षं निघालं नव्हतं. ‘‘मीही ओकायची, आत्याबाई. पऱ्हाट्यांच्या गंजीमागं जाऊन यायची, तोंड पुसून पुन्हा झारा धरायची. तुम्हाला कळू दिलं नाही.’’

मला वाटलं त्या बोलतील, आता सांगून राहिली का, म्हणून. त्यांची कातर चालत राहिली.

‘‘मी तं उठतबी नव्हती,’’ त्या म्हणाल्या. ‘‘बसल्या जागीच. चुलीच्या राखेत. अन् वरून राख लोटून देत होती. माह्यी सासू पुढंच बसून राहे ना.’’

पाऊस थांबला होता. मी दोरा ओढत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, माझ्याही नव्हतं. आम्ही दोघी फार थकलो होतो.

आतून हाक आली, ‘‘कोनी पानी देता का?’’ पाच दिवसांत तिनं पहिल्यांदा स्वतःहून पाणी मागितलं होतं. सासूबाई माझ्याआधी उठल्या. मी पाहतच राहिले, त्यांचे गुडघे एवढ्या झटकन कधी उठले नव्हते. त्यांनी वाटी भरली, उंबऱ्यापर्यंत गेल्या आणि तिथं थांबल्या. आपल्या लुगड्याचा पदर नाकाशी नेला. मग मागं वळून वाटी माझ्या हातात दिली.

‘‘तू जाय,’’ म्हणाल्या. ‘‘माह्या लुगड्याले वास हाय.’’